तिरंगी भाटी आणि अर्ध्याचें गणित

नगरच्या आडतेबाजारांत धान्याच्या पोत्यांवर पहुडलेलीं मांजरें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. उंदरांचा बंदोबस्त होतो म्हणून दुकानदार त्यांना आश्रय देतात, आणि जाणारायेणारा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. परंतु ज्याला निरखून पाहण्याची संवय आहे, त्याच्या ध्यानांत एक गोष्ट लवकरच येईल. काळा बोका असतो, तांबडा बोका असतो, पांढऱ्यावर काळे किंवा पांढऱ्यावर तांबडे पट्टे असलेला बोकाही असतो. मात्र काळा, तांबडा व पांढरा हे तिन्ही रंग जुन्या गोधडीच्या ठिगळांसारखे एकाच अंगावर जोडलेले दिसले, कीं तें मांजर जवळजवळ हटकून भाटी निघतें. तिरंगी बोका इतका विरळा कीं, जन्मभर मांजरें पाळणाऱ्यालाही तो बहुधा भेटावयाचा नाहीं.

ह्या ठिगळांच्या मागें जो नियम आहे, तोच प्रत्येक स्त्रीच्या शरीरांत चालूं असतो. भाटीच्या अंगावर तो नुसता शोभा देतो. पण हिंवतापाचें एक नेहमींचें औषध देतांना तो ध्यानांत राहिला नाहीं, तर रोगी स्त्रीच्या जीवावर बेतूं शकतें. कसें तें समजून घेण्यासाठीं प्रथम मांजराचीच संगत धरणें सोयीचें आहे.

शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रांत गुणसूत्रें नांवाचे अत्यंत सूक्ष्म धागे असतात. मनुष्याच्या पेशींत ते ४६ व मांजराच्या पेशींत ३८. त्यांच्यावर आनुवंशिक गुणांचीं जनुकें ओळीनें बसविलेलीं असतात. जनुक म्हणजे अमुक एक प्रथिन कसें घडवावें, याचा लेखी हुकूम म्हणावयास हरकत नाहीं. गुणसूत्रांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एक मातेकडून व एक पित्याकडून आलेलें असतें. ह्यांपैकीं एक जोडी अपत्याचें लिंग ठरविते. मादीमध्यें त्या जोडींतील दोन्ही गुणसूत्रें एक्स नांवाचीं असतात. नरामध्यें एक एक्स व दुसरें वाय असतें. वाय लहान आहे व त्यावर जनुकें थोडीं आहेत. एक्स त्या मानानें मोठें असून मनुष्याच्या एक्सवर प्रथिनें घडविणारीं आठशेंहून अधिक जनुकें आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा स्त्रीपुरुषभेदाशीं कांहींएक संबंध नाहीं. रक्त गोठण्यास लागणारीं द्रव्यें, रंग ओळखण्याची डोळ्याची शक्ति, स्नायूंची बळकटी, अशा दोघांनाही सारख्याच लागणाऱ्या गोष्टींचे हुकूम त्यावर लिहिलेले आहेत.

येथें साहजिकच शंका उत्पन्न होते. स्त्रीजवळ ह्या हुकुमांच्या दोन प्रती आहेत, पुरुषाजवळ एकच. मग स्त्रीच्या शरीरांत हीं प्रथिनें दुप्पट तयार व्हावयास नकोत काय? मोजून पाहिलें तर बहुतेक प्रथिनें दोघांतही सारखींच आढळतात. अर्थात् कोठें तरी एक प्रत गुंडाळून ठेवलेली असली पाहिजे.

ती गुंडाळलेली प्रत सूक्ष्मदर्शकाखालीं दिसली, तीही मांजरांतच, आणि शोधणाऱ्याच्या मनांत नसतांना. १९४९ सालीं कॅनडांतील लंडन नांवाच्या शहरीं मरे बार व त्यांचे विद्यार्थी इवार्ट बर्ट्रम हे मांजरांच्या मज्जापेशी तपाशीत होते. पेशीला फार काम पडलें म्हणजे तिच्यांत काय फरक पडतो, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. पाहतां पाहतां त्यांना असें दिसलें कीं, कांहीं मांजरांच्या पेशींच्या केंद्रांत एक गडद ठिपका आहे व कांहींच्या पेशींत तो मुळींच नाहीं. काम किती केलें याच्याशीं त्या ठिपक्याचा मेळ बसेना. मेळ बसला तो वेगळ्याच गोष्टीशीं: ठिपका असलेलीं मांजरें माद्या होतीं व नसलेलीं नर. हा ठिपका म्हणजे आवळून गोळा झालेलें एक एक्स गुणसूत्र होय, हें सुसुमु ओनो यांनीं पुढें दहा वर्षांनीं दाखवून दिलें.

ह्या सर्वांचा अर्थ लावला तो इंग्लंडांत हार्वेल येथें उंदरांच्या अनुवंशाचा अभ्यास करणाऱ्या मेरी लायन ह्या विदुषीनें. एक्सवरील रंगाचें जनुक धारण करणाऱ्या उंदरांच्या माद्यांच्या अंगावर दोन रंगांचे चट्टे पडतात, नरांच्या अंगावर पडत नाहींत, हें तिला ठाऊक होतें. १९६१ च्या एप्रिलांत ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत तिनें एक लहानसें टिपण लिहिलें. तिचें म्हणणें असें: मादीचा गर्भ अगदीं कोवळा, थोड्याच पेशींचा असतांना त्यांतील प्रत्येक पेशी आपल्या दोहोंपैकीं एक एक्स बंद करते. मातेकडून आलेलें बंद करावयाचें कीं पित्याकडून आलेलें, याला नियम नाहीं. नाणें उडवून ठरवावें तसें तें ठरतें. पण एकदां ठरलें कीं ठरलें. त्या पेशीपासून पुढें ज्या लाखों पेशी निपजतात, त्या सर्वांत तेंच एक्स बंद राहतें. त्यामुळें मोठेपणीं मादीचें शरीर म्हणजे दोन प्रकारच्या पेशींच्या वसाहती शेजारीं शेजारीं नांदत असलेला मुलूख होतो. एका वसाहतींत आईचें एक्स बोलतें, दुसरींत बापाचें.

बंद करण्याची कृति कशी घडते, याचा धागा १९९१ सालीं हातीं लागला. एक्सवरच ‘एक्झिस्ट’ नांवाचें एक जनुक आहे. तें प्रथिन घडवीत नाहीं, त्यापासून आर. एन. ए. जातीच्या द्रव्याचा एक लांबलचक धागा निघतो व जेथून निघाला त्याच एक्सला तो जागोजाग चिकटून त्यावर आवरण घालतो. नंतर दुसरीं द्रव्यें येऊन तें गुणसूत्र घट्ट आवळतात व पुढें कायमचीं मुद्रा उमटवितात. मात्र हें कुलूप सर्वस्वीं बिनचूक नाहीं. मनुष्यांत बंद एक्सवरील सुमारें शेंकडा पंधरा जनुकें तरीही थोडींफार कामें करीत राहतात. कांगारूसारख्या पोटपिशवी असलेल्या प्राण्यांत तर नाणें उडविण्याचा प्रकारच नाहीं. तेथें नेहमीं बापाकडचेंच एक्स बंद होतें. अशा प्राण्यांत आपल्या भाटीसारखीं ठिगळें पडावयाचीं नाहींत.

आतां भाटीकडे परत वळूं. मांजराचा केस तांबडा कीं काळा, हें ठरविणारें स्थान एक्सवर आहे. तेथें गुणसूत्राचा सुमारें पांच हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला असला म्हणजे केस तांबडा होतो, हें जपानांतील व अमेरिकेंतील दोन तुकड्यांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केलें. बोक्याजवळ एक्स एकच; म्हणून तो तांबडा तरी असतो, नाहीं तर काळा. ज्या भाटीला एका बाजूनें तांबड्याचें व दुसऱ्या बाजूनें काळ्याचें एक्स मिळालें, तिच्या कातडींतील ज्या रंगपेशींत काळ्याचें एक्स बंद झालें, त्यांच्या वंशाचा पट्टा तांबडा. ज्यांत तांबड्याचें बंद झालें, त्यांचा काळा. पांढरा रंग ह्या व्यवहारांतला नव्हे. तो दुसऱ्याच गुणसूत्रावरील जनुकामुळें, रंगपेशी त्या जागेपर्यंत न पोंचल्यामुळें येतो. विरळा असा जो तिरंगी बोका, त्याच्या पेशींत बहुधा दोन एक्स व एक वाय अशीं तीन गुणसूत्रें सांपडतात. म्हणजे तो अपवाद नियमाला बाध न आणतां उलट बळकटीच देतो.

एकदां पडलेला नाण्याचा कौल पेशींत किती टिकून राहतो, याची परीक्षा अनायासें झाली. २००१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील टेक्सास ए. अँड एम. विद्यापीठांत एका तिरंगी भाटीच्या पेशींतील केंद्र घेऊन तिची हुबेहूब प्रतिकृति जन्मास घालण्यांत आली. गुणसूत्रें तींच, जनुकें तींच. पण पिल्लू झालें तें करड्या पट्ट्यांचें व पांढरें. तांबडा केस अंगावर एक नाहीं. ज्या पेशीचें केंद्र घेतलें होतें तिच्यांत तांबड्याचें एक्स बंद होतें, आणि तें नव्या गर्भांत पुन्हां उघडलें गेलें नाहीं. घरीं आवडीचें मांजर मेल्यावर अगदीं तसेंच दुसरें करून मिळेल अशी आशा त्या काळीं कित्येकांना वाटूं लागली होती. तिला ह्या पिल्लानेंच परस्पर उत्तर दिलें.

येथवर दिसलें तें कातडीवरचें. परंतु शरीराच्या आंतही हीच गोधडी शिवलेली असते, आणि तेथें ती डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून तेथें मनुष्य सरासरीनें विचार करूं लागतो व फसतो.

एक साधा हिशेब पाहावा. एका घरीं दहा तांबे भरून दूध आहे. त्यांत कोणी सारखें पाणी मिसळलें तर प्रत्येक तांब्यांत अर्धें दूध व अर्धें पाणी होईल. चहा पातळ होईल, पण दहाही तांब्यांचा चहा होईल. आतां दुसऱ्या घरीं पांच तांबे निर्भेळ दुधाचे व पांच नुसत्या पाण्याचे आहेत. सर्व तांबे एका हंड्यांत ओतून मापलें तर दोन्ही घरांचें दूध सारखेंच, अर्धें भरेल. पण दुसऱ्या घरीं एक-एक तांबा स्वतंत्र वापरावयाचा असेल, तर पांच तांब्यांचा चहा उत्तम होईल व पांचांचा मुळींच होणार नाहीं. स्त्रीच्या शरीरांतील एक्सवरील दोषाची स्थिति ह्या दुसऱ्या घरासारखी आहे. तेथें अर्धा गुण प्रत्येक पेशींत नसतो. निम्म्या पेशींत पुरा असतो व निम्म्यांत नसतोच.

ह्या हिशेबाची गांठ आपल्याकडे पडते ती रक्तांत. एक्स गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्यापासून घडणाऱ्या विकराचें, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचें, नांव लांबलचक असल्यामुळें डॉक्टर मंडळी त्याला जी-सिक्स-पी-डी असें आटोपशीर म्हणतात. तांबड्या रक्तपेशीला हें विकर फार महत्त्वाचें. प्राणवायूची ने-आण करणाऱ्या ह्या पेशीवर त्या वायूच्याच दाहक परिणामांचा सतत मारा होत असतो, आणि त्यापासून बचाव करणारें द्रव्य पुन्हां पुन्हां ताजें करण्याचें काम ह्या विकरावांचून तिला दुसऱ्या मार्गानें करतां येत नाहीं. विकर कमी असलें तरी एरव्हीं मनुष्य धडधाकट असतो. त्याला स्वतःलाही कांहीं कळत नाहीं. पण विशिष्ट औषध पोटांत गेलें, कीं मारा एकाएकीं वाढतो व दुबळ्या पेशी फुटूं लागतात.

तें औषध म्हणजे प्रायमाक्वीन. हिंवतापाच्या व्हायव्हॅक्स जातीचे जंतु रक्तांतून नाहींसे झाले तरी यकृतांत दडून बसतात व कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं पुन्हां ताप आणतात. त्यांना तेथून हुसकावण्यासाठीं प्रायमाक्वीन चौदा दिवस द्यावें लागतें. त्यानें कांहीं रोग्यांच्या रक्तपेशी कां फुटतात, याचें कारण हें विकर होय, असें १९५६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. आपल्याकडे फार वेळ लागला नाहीं. १९६१ सालीं मुंबईंत बक्षी, बालकृष्णन व संघवी यांनीं मुंबईकरांच्या रक्तांतील ह्या उणिवेची माहिती प्रसिद्ध केली व १९६३ सालीं मुंबईच्या पारशी समाजांतील उणिवेचीही. १९८४ सालीं ईश्वाड व नाईक यांनीं एका कोळी कुटुंबांत ह्या विकराचा एक निराळा प्रकार शोधून काढला व त्याला ‘कल्याण’ हें नांव दिलें. पुढें १९९२ सालीं असें ठरलें कीं, केरळांत सांपडलेला एक प्रकार व हा ‘कल्याण’ प्रकार हे एकच आहेत. विकराच्या साखळींतील ३१७ व्या जागीं एका कडीऐवजीं दुसरी कडी बसली आहे, एवढीच काय ती चूक. तेव्हांपासून जगभरच्या ग्रंथांत ह्याला ‘केरळ-कल्याण’ म्हणतात.

पुरुषाच्या बाबतींत हिशेब सरळ आहे. त्याच्या एकुलत्या एक्सवर दोष असेल तर त्याच्या सर्व रक्तपेशी दुबळ्या. नसेल तर सर्व बळकट. स्त्रीला दोष एकाच एक्सवर असला तर काय होतें? तांबड्या पेशींत स्वतः केंद्र नसतें, हें खरें. पण हाडांच्या मगजांतील ज्या पेशींपासून त्या निपजतात त्यांना तें असतें, व त्यांतील चालू एक्सप्रमाणें विकराची शिदोरी घेऊनच तांबडी पेशी बाहेर पडते. तेव्हां लायनचें म्हणणें खरें असेल, तर अशा स्त्रीच्या रक्तांत अर्धवट दुबळ्या अशा एकजात पेशी न सांपडतां, धड व दुबळ्या अशा दोन निराळ्या जाती सांपडल्या पाहिजेत. कॅलिफोर्नियांतील अर्नेस्ट ब्यूटलर यांना हा विचार लायनच्या टिपणावांचून स्वतंत्रपणेंच सुचला होता. त्यांनीं १९६२ सालीं अशा स्त्रियांचें रक्त तपासून दाखविलें कीं, खरोखर मिश्रण दोन जातींचेंच असतें. पुढील वर्षीं डेव्हिडसन, निटोव्स्की व चाइल्ड्स यांनीं याहून स्वच्छ पुरावा दिला. ह्या विकराचे दोन ओळखतां येण्याजोगे प्रकार जिच्याजवळ होते, अशा स्त्रीच्या कातडींतील एक-एक पेशी वेगळी काढून त्यांनीं तिचा वंश वाढविला. प्रत्येक वंशांत एकच प्रकार सांपडला. दोन्ही मिळून एकाही वंशांत नाहींत.

आतां ह्या दोन जातींचें प्रमाण निम्मेंनिम्मच असेल काय? बहुधा त्याच्या आसपास. परंतु नेहमीं नव्हे, आणि याचें कारण पुन्हां नाण्यांतच आहे. उदाहरणादाखल असें धरूं कीं, पुढें रक्त निर्माण करणाऱ्या भागाच्या पूर्वज पेशी त्या वेळीं आठच होत्या. आठ नाणीं उडविलीं तर एकूण २५६ प्रकारें तीं पडूं शकतात. त्यांपैकीं दोन प्रकारांत आठही एकाच बाजूस पडतात, व सोळा प्रकारांत सात एका बाजूस व एक दुसरीस. म्हणजे शंभर स्त्रियांपैकीं सुमारें सात जणींच्या रक्तांत एका जातीचें प्रमाण आठांत सात किंवा त्याहून अधिक होईल. पूर्वज पेशी अधिक असतील तर असा कल कमी वेळां पडेल, पण पडेल. म्हणूनच एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या बहिणींत, जनुकें अगदीं तींच असतांनाही, एकीला त्रास व्हावा व दुसरीला न व्हावा, असें घडूं शकतें. शिवाय वय वाढेल तसें रक्तांतील हें प्रमाण एका बाजूस झुकण्याचा कल असतो.

अशा स्त्रिया थोड्या असतील असें कोणास वाटेल, तर तेंही गणितानें पाहून घ्यावें. एखाद्या समाजांत दर दहा एक्स गुणसूत्रांपैकीं एकावर हा दोष आहे असें समजा. मग शंभर पुरुषांपैकीं दहा सदोष. शंभर स्त्रियांपैकीं दोन्ही एक्स सदोष अशी एकच. पण एक सदोष व एक धड अशा अठरा. म्हणजे गोधडीसारख्या रक्ताच्या स्त्रिया ह्या सदोष पुरुषांपेक्षांही अधिक भरतात, आणि ‘हा पुरुषांचा रोग’ असें जें पुस्तकांतून सर्रास लिहिलें जाई, तें कितपत धरावें हें यावरून दिसेल.

आतां एक रुग्णा कल्पनेनेंच घेऊं. जिल्ह्यांतील एखाद्या दवाखान्यांत एक बाई आल्या. ताप व्हायव्हॅक्सचा. प्रायमाक्वीन देण्यापूर्वीं डॉक्टरांनीं शहाणपणानें विकराची परीक्षा करविली. नेहमींची परीक्षा अशी असते: रक्ताचा थेंब ठराविक द्रव्यांत मिसळून टीपकागदावर टाकतात व जंबुपार किरणांखालीं धरतात, विकर असेल तर ठिपका चमकतो, नसेल तर चमकत नाहीं. ही परीक्षा स्वस्त व झटपट आहे, आणि पुरुषांपुरती चांगली आहे. परंतु ती हंड्यांत ओतून मापण्यासारखी आहे. विकर नेहमींच्या सुमारें शेंकडा तीसहून खालीं गेलें तरच ती खात्रीनें दोष दाखविते. ह्या बाईंच्या शंभर पेशींपैकीं सत्तर दुबळ्या व तीस धड आहेत असें धरूं, आणि दुबळ्या पेशींत विकर शेंकडा पांच. तीस धड पेशींचे तीस व सत्तर दुबळ्यांचे साडेतीन मिळून सरासरी साडेतेहेतीस. ठिपका चमकला. कागदावर ‘दोष नाहीं’ असें लिहिलें गेलें व गोळ्या सुरू झाल्या.

सर्व पेशी सारख्याच, तेहेतीस टक्के विकराच्या असत्या, तर त्यांनीं कदाचित् मारा सोसला असता. परंतु येथें सत्तर पेशी अगदीं सदोष पुरुषाच्या पेशींइतक्याच असहाय आहेत. त्यांपैकीं वयानें जुन्या आधीं फुटतात, कारण विकर पेशीच्या वयाबरोबर झिजत जातें. सत्तरांतील निम्म्या जरी फुटल्या तरी शंभरांतील पस्तीस गेल्या. रक्तद्रव्य, ज्याला हिमोग्लोबिन म्हणतात, तें १२ होतें तें सुमारें ७.८ वर आलें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डोळ्यांत पिवळेपणा, धाप, कंबरदुखी, आणि मुख्य खूण म्हणजे लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणें. ही खूण दिसतांच गोळी थांबवून रोग्यास डॉक्टरांकडे नेलें पाहिजे. ‘औषध उष्ण पडलें’ म्हणून पाणी पाजीत घरीं बसूं नये.

याच ठिकाणीं दुसरी एक फसगत दडलेली आहे. बाईंना त्रास झाला म्हणून दवाखान्यांत लगेच पुन्हां परीक्षा केली, तर ती पहिल्यापेक्षांही चांगली येते! दुबळ्या पेशी फुटून गेल्या. मागें धड पेशी राहिल्या, व तूट भरून काढण्यास मगजांतून ज्या नव्या कोवळ्या पेशी आल्या त्यांत विकर भरपूर. हंड्यांतील पाण्याचे तांबे ओतून टाकल्यावर दूध दाट लागावें त्यांतलाच हा प्रकार. तांबड्या पेशीचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें असतें. म्हणून तीन-चार महिने लोटल्यावर, रक्त पुन्हां मूळ प्रमाणावर आल्यानंतर केलेली परीक्षाच विश्वसनीय समजावी.

मग स्त्रियांची परीक्षा करावी तरी कशी? पहिला उपाय, विकर चमकतें कीं नाहीं एवढेंच न पाहतां तें किती टक्के आहे हें मोजणें. मधला आंकडा आला, कीं सावध व्हावें. कारण मधला आंकडा पुरुषांत सहसा येत नाहीं, तो मिश्रणाचीच खूण आहे. दुसरा, एक-एक पेशी पाहणें. रक्तावर विशिष्ट रासायनिक क्रिया करून कांचपट्टीवर पसरलें, तर धड पेशी गडद रंगलेल्या व दुबळ्या पेशी रित्या टरफलांसारख्या दिसतात. मग मोजदाद करतां येते. गोधडीचीं ठिगळें येथें प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतात, पण ही क्रिया मोठ्या प्रयोगशाळेंतच व्हावयाची. तिसरा उपाय जनुकाची अक्षरें वाचण्याचा. त्यानें एका एक्सवर ‘कल्याण’ किंवा दुसऱ्या प्रकारचा दोष आहे हें निश्चित कळतें. मात्र कोणतें एक्स किती पेशींत बंद आहे, हें त्यावरून कळत नाहीं, आणि धोका तर त्यावरच अवलंबून. चौथ्या उपायास प्रयोगशाळाच लागत नाहीं. बाईंच्या वडिलांना हा दोष असल्याचें ठाऊक असेल, तर त्यांचें एकुलतें एक्स मुलीला आलेंच पाहिजे. तिची चाचणी चमकली तरी ती मिश्र रक्ताची आहे हें न तपासतां सांगतां येतें. मुलाला दोष असेल तरीही बहुधा तेंच अनुमान निघतें, कारण मुलाचें एक्स आईकडचें. म्हणून गोळी लिहून देण्यापूर्वीं ‘तुमच्या वडिलांना किंवा मुलाला कधीं औषधानें कावीळ होऊन लघवी काळी झाली होती काय,’ असा प्रश्न डॉक्टरांनीं विचारावा.

येथें एक गोष्ट पुष्कळांना चकविते. एखाद्या स्त्रीच्या रक्तांत नाणें अनुकूल पडून जवळजवळ सर्व पेशी धड निघाल्या, तर तिला स्वतःला कधींच त्रास होणार नाहीं. मग तिच्या मुलांनाही तो होऊं नये, असें वाटणें साहजिक आहे. परंतु बंद एक्सचें कुलूप शरीरांतील इतर पेशींपुरतेंच आहे. ज्या पेशींपासून स्त्रीबीज तयार होतें, त्यांत तें कुलूप पुन्हां उघडलें जातें, दोन्ही एक्स जागीं होतात, व बीजांत त्यांपैकीं कोणतेंही एक समसमान संभवानें जातें. आईच्या रक्तांत जें एक्स जन्मभर मुकें राहिलें, तेंच मुलाच्या वांट्यास आलें तर त्याच्या प्रत्येक रक्तपेशींत तें एकटेंच बोलूं लागतें. कारण मुलाजवळ दुसरें एक्स नसल्यामुळें बंद करावयास कांहीं उरतच नाहीं.